आठ वस्तू आणि एक वडी

छायाचित्रात साबणाच्या तीन वड्या सोडून आणखी आठ वस्तू होत्या. त्यांपैकी दोनच वस्तू साबणात खरोखर उतरल्या होत्या आणि तिसरी अर्धी उतरली होती. ही मोजणी मी आधी केली असती, तर आमच्या लव्हेंडरच्या नव्या वडीसाठी कॅप्शन लिहिण्यात माझे आठ दिवस गेले नसते. पण मी छायाचित्र पाहिले, ते मला फार आवडले आणि मी थेट लिहायला बसले.

फोंड्याजवळच्या आमच्या घरी साबण करतात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते. छायाचित्रे पुतण्या काढतो आणि मराठी लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. नवी वडी श्रावणाच्या सुरुवातीला, म्हणजे चवथीच्या खरेदीआधी बाजारात आणायची असे ठरले होते. एका छायाचित्राखाली एक कॅप्शन, इतकेच काम होते. छायाचित्र फ्लॅट-ले पद्धतीचे होते, म्हणजे सर्व वस्तू कापडावर मांडून कॅमेरा बरोबर वरून, कापडाला समांतर धरून काढलेले. कापड म्हणून पुतण्याने आजेसासूबाईंचे तांबड्या चौकड्यांचे कुणबी लुगडे घेतले होते. त्यावर लव्हेंडरची सुकी जुडी, बशीत सुटी फुले, फोडलेल्या नारळाची वाटी, कोकमाच्या तुपाचा म्हणजे भिरंडेलाचा गोळा, मधाची बरणी, मेणबत्ती आणि पितळी तांब्या मांडलेला होता.

माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘पावसाळ्यातल्या ओल्या सकाळी, कौलांवरून थेंब ओघळत असताना, काश्मीरच्या दऱ्यांतून आलेला जांभळा सुगंध घरभर दरवळतो आणि मन शांत निजते.’ वहिनींनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, ‘अगं, यात साबण कुठे आहे?’

त्यांचा प्रश्न दोन्ही अर्थांनी बरोबर होता. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० चिन्हांची मर्यादा असली, तरी वाचणाऱ्याला सुरुवातीची साधारण सव्वाशे चिन्हेच दिसतात आणि पुढचे वाचण्यासाठी बोट लावावे लागते. देवनागरीत ही सव्वाशे चिन्हे आपल्याला वाटतात त्याहून लवकर संपतात, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘लव्हेंडर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो आठ चिन्हांचा भरतो. माझे एवढे लांब वाक्य संपण्याआधीच तुटत होते, आणि जे दिसत होते त्यात वडीचा, तेलाचा किंवा वजनाचा एकही शब्द नव्हता.

लांबी छाटणे सोपे होते. अवघड भाग निराळा होता, आणि तो आम्हाला आदल्या वर्षीच्या एका फोनमुळे कळलेला होता. तेव्हा आम्ही गवती चहाची पिवळसर वडी आणली होती आणि तिच्या छायाचित्रात रंग खुलावा म्हणून हळकुंडे ठेवली होती. कॅप्शनमध्ये हळदीचा उल्लेख कुठेही नव्हता. तरीही मडगावच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोन करून विचारले की, साबणात हळद कोणत्या प्रकारची आहे, कारण त्यांनी ती हळदीसाठीच घेतली होती. आम्ही लिहून काहीच खोटे सांगितले नव्हते, पण मांडून सांगितले होते. तेव्हापासून वहिनींचा नियम असा आहे की, छायाचित्रातली प्रत्येक वस्तू काहीतरी बोलत असते आणि ती जे बोलते त्याला कॅप्शनने एकतर दुजोरा द्यावा किंवा ते स्पष्टपणे नाकारावे. दोन्ही शक्य नसेल, तर ती वस्तू उचलावी.

म्हणून मसुदा बाजूला ठेवून आम्ही छायाचित्रासमोर बसलो.

मध पहिल्यांदा गेला, कारण वडीत मध नाही. मेणबत्तीही गेली. तिचा साबणाशी संबंध नव्हता आणि ती पाहून लोक सुगंधी मेणबत्ती सोबत मिळते का असे विचारणार हे उघड होते. नारळ आणि भिरंडेल राहिले, कारण ते खरे आहेत. वहिनींच्या या वडीच्या एका खेपेत १,००० ग्रॅम तेले असतात: ऑलिव्ह ५००, खोबरेल ३५०, भिरंडेल १०० आणि एरंडेल ५०. खोबरेलामुळे फेस भरपूर येतो, पण त्याचे प्रमाण फार वाढवले तर अंग कोरडे पडते. भिरंडेलामुळे वडी घट्ट होते, आणि हवेत ओलावा असलेल्या आमच्या भागात त्याचे महत्त्व सुगंधापेक्षा जास्त आहे. गंमत अशी की, सर्वांत मोठा वाटा असलेले ऑलिव्ह तेल छायाचित्रात नव्हतेच. पुतण्याला बाटली दिसायला कंटाळवाणी वाटली होती. मी ते कॅप्शनमध्ये सर्वांत आधी लिहायचे ठरवले.

लव्हेंडरचे मात्र अर्धे खरे होते. वडीत लव्हेंडरचे तेल आहे, १,००० ग्रॅम तेलांमागे ३० ग्रॅम, पण फुले नाहीत. आम्ही ती घालून पाहिली नव्हती असे नाही. पहिल्या चाचणीत वहिनींनी चमचाभर सुकी फुले मिश्रणात ढवळली होती. कॉस्टिक सोड्याच्या क्षारात ती आठवड्याभरात तपकिरी पडली आणि वडी कापल्यावर आत जे दिसले त्याला पुतण्याने उंदराच्या लेंड्या म्हटले. उपमा घाणेरडी होती, पण अचूक होती. नुसती वरून भुरभुरलेली फुले काही काळ जांभळी राहतात, पण न्हाणीघरात एकदा भिजली की त्यांचेही तेच होते आणि ती मोरीच्या जाळीत अडकतात. म्हणून वडी साधी ठेवली. मग छायाचित्रात फुलांची बशी ठेवणे योग्य होते का? त्यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी बशी काढली आणि जुडी ठेवली, कारण बशीतली सुटी फुले पाहून ती आत घातली असावीत असे वाटत होते, तर दोऱ्याने बांधलेली जुडी पाहून फक्त वासाचा उगम कळत होता. तरीही कॅप्शनमध्ये फुले नसल्याचे एक स्वतंत्र वाक्य लागणारच होते.

जुडीपाठोपाठ काश्मीरचा प्रश्न आला. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाहला लव्हेंडरची लागवड होते, आणि ‘सीएसआयआर’च्या अरोमा मिशनमुळे तिचा विस्तार झाला, हे मी वाचलेले होते. तेवढ्यावर मी ‘काश्मीरच्या दऱ्या’ लिहून टाकल्या होत्या. म्हणजे जम्मूकडचा डोडा मी आधीच काश्मीरला नेऊन ठेवला होता. वहिनींनी तेलाची बाटली आणून समोर ठेवली. तिच्यावर ‘लव्हेंडर ४०/४२’ असे होते. हे आकडे म्हणजे निरनिराळी तेले मिसळून ठरावीक प्रमाणात आणलेल्या व्यापारी प्रतीचे नाव आहे, आणि त्यावरून कुठल्याही एका दरीचा पत्ता लागत नाही. ज्या तेलाच्या उगमाचा कागद आपल्याकडे नाही, त्याचा उगम कॅप्शनमध्ये लिहायचा नाही, हे मला मान्य करावे लागले. वाक्य गेले याचे वाईट वाटले. पण त्याच बोलण्यात वहिनी सहज म्हणाल्या, ‘आपल्याकडे नारळ होतो, भिरंड होते, लव्हेंडर कुठे होते?’ आणि मला पहिली ओळ मिळाली. थंड, कोरड्या हवेचे आणि पाणी न साचणाऱ्या जमिनीचे हे झुडूप आमच्या पावसात तग धरत नाही. नारळाच्या वाटीशेजारी लव्हेंडरची जुडी पाहून ते इथलेच असावे असा जो समज होऊ शकत होता, तो पहिल्याच ओळीत मोडता येत होता.

रंगाचे प्रकरण सर्वांत जास्त वेळखाऊ ठरले. लव्हेंडरचे तेल फिकट पिवळसर असते आणि त्याने साबण जांभळा होत नाही. आमच्या वडीचा जांभळा रंग अल्ट्रामरीन व्हायोलेट या खनिज वर्गातल्या रंगद्रव्याचा आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे अल्ट्रामरीन कारखान्यात तयार होते. वहिनींनी आधी रतनजोतीची मुळी तेलात मुरवून पाहिली होती. क्षारात तिचा करडा-जांभळा रंग सुंदर आला, पण उजेडात ठेवलेल्या वड्या दोन महिन्यांत राखाडी पडल्या. म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे शब्द, जे पुतण्याने छायाचित्राच्या कोपऱ्यात आधीच छापून ठेवले होते, ते पुसावे लागले. ‘केमिकल-फ्री’ हेही त्याचेच होते. त्यावर वहिनींनी फार बोलण्याची गरज पडली नाही. एका खेपेसाठी १४४ ग्रॅम कॉस्टिक सोडा तोलताना त्या हातमोजे आणि चष्मा घालतात, हे त्याने रोज पाहिलेले आहे. तेवढा सोडा तेलांशी संयोग पावून संपतो आणि सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम जास्तीचे राखलेले असते, म्हणून तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही. पण सोड्याशिवाय साबण होतच नाही आणि सोडा हे रसायनच आहे.

शिवाय छायाचित्रातला जांभळा खऱ्या वडीचा नव्हता. वड्या गुलाबी दिसत होत्या. आम्ही दोन दिवस फोनच्या कॅमेऱ्याला दोष देत राहिलो, पण दोष लुगड्याचा होता. खिडकीतला उजेड तांबड्या कापडावरून उसळून वड्यांच्या कडांवर पडत होता. लुगडे मला अतिशय प्रिय आहे, तरी ते घडी करून ठेवले आणि त्या जागी बिनधुवट मांजरपाट अंथरला. पुन्हा छायाचित्र घेतले ते सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेच्या खिडकीशी, ढगाळ हवेत. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा पत्रा उभा केल्याने सावल्या मऊ झाल्या. चौकटीच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवला, तो पांढराच दिसेपर्यंत फोनमधला रंगसमतोल हाताने सरकवला आणि मग कागद काढून घेतला. शेवटी खरी वडी फोनच्या पडद्याशेजारी खिडकीत धरून पाहिली, तीही घरातल्या तीन वेगवेगळ्या फोनांवर. तिन्हींवर छटा थोडी निराळी होती, पण गुलाबी कुठेच नव्हती.

वरून काढलेल्या छायाचित्राची एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे त्यात जाडी दिसत नाही. वडी पातळ आहे की जाड, लहान आहे की मोठी, हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि नारळाची वाटी मापाला निरुपयोगी असते. म्हणून तीनपैकी एक वडी कडेवर उभी केली आणि कॅप्शनमध्ये माप लिहिले. वजनाबाबत मी पहिल्या मसुद्यात ‘१०० ग्रॅम’ लिहिले होते, कारण साच्यातून काढून कापल्यावर वडी १०४ ग्रॅम भरली होती. पण साबण वाळताना त्यातले पाणी जाते. सहा आठवड्यांनी तीच वडी ९३ ग्रॅमवर आली. आवरणावर ९० ग्रॅम आहे, आणि साबणासाठी नियमांनी मुभा दिल्याप्रमाणे ‘पॅकिंगच्या वेळी’ असेही शब्द आहेत. कॅप्शनमध्येही तोच आकडा हवा, नाहीतर घरी काट्यावर ठेवून पाहणारे गिऱ्हाईक आपल्याला लबाड समजते.

छायाचित्राने न सांगितलेल्या पण मी शब्दांत सांगितलेल्या दोन गोष्टी उरल्या होत्या: झोप आणि दरवळ. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. त्याने झोप लागते, ताण जातो किंवा खाज बरी होते असे लिहिले की ते औषधाचे बोलणे होते, आणि तसे म्हणण्याचा अधिकार आमच्या परवान्यात नाही. ‘त्वचेच्या पीएचला अनुरूप’ हे लोकप्रिय वाक्यही बसत नव्हते. वहिनींच्या पट्टीवर वडीचा पीएच ९ ते १० च्या दरम्यान येतो, आणि त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्ल असतो. दरवळाचे म्हणाल तर लव्हेंडरच्या वासातला गोड, फुलासारखा भाग प्रामुख्याने लिनालिल ॲसिटेट या घटकाचा असतो, आणि क्षारात त्याचा काही भाग विघटित होतो. म्हणून बाटलीतला वास आणि वडीतला वास सारखा नसतो. वडीतला जरा वनस्पतीकडे झुकलेला आणि कमी गोड असतो. आम्ही सहा आठवडे वाळलेली वडी पाटावर ठेवून तिघांना दूरवरून चालत यायला सांगितले. हातात घेईपर्यंत एकालाही वास आला नाही. मग घरभर दरवळ कुठून लिहायचा?

एक चूक मात्र मी जवळजवळ केलीच होती. नव्या छायाचित्रांपैकी एकात वडीवर बारीक थेंब चमकत होते, आणि मला ते दवासारखे वाटले. मी त्यावर ओळही रचली. वहिनींनी ते छायाचित्र ताबडतोब बाद केले. हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन तसेच राहते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. आषाढात वडी उघडी ठेवली की तिला घाम येतो. त्या थेंबांनी वडी बिघडत नाही, पण हाताला चिकट लागते. ज्याला घरी पोहोचल्यावर लोक तक्रार म्हणतील, ते छायाचित्रात सौंदर्य म्हणून विकायचे नव्हते. ही माहिती वापरण्याच्या सूचनेत गेली.

चौथ्या मसुद्यानंतर उतरलेले कॅप्शन असे होते:

‘लव्हेंडर गोव्यात उगवत नाही. नारळ आणि कोकम उगवतात. या वडीत तिन्ही आहेत.

ऑलिव्ह तेल, खोबरेल, भिरंडेल आणि एरंडेल यांपासून घरी केलेला आणि सहा आठवडे वाळवलेला हा आमचा नवा लव्हेंडर साबण. वास लव्हेंडरच्या तेलाचा आहे आणि तो वडी हातात घेतल्यावर येतो, खोलीभर पसरत नाही. जुडी छायाचित्रापुरती आहे. वडीत फुले घातलेली नाहीत, कारण साबणात ती तपकिरी पडतात. जांभळा रंग अल्ट्रामरीनचा आहे.

वडी साडेसात सेंटीमीटर लांब, साडेपाच रुंद आणि सव्वादोन जाड आहे. वजन पॅकिंगच्या वेळी ९० ग्रॅम. किंमत सर्व करांसह २२० रुपये.

पावसाळ्यात वडीवर थेंब दिसले तर ते ग्लिसरीनने ओढलेले हवेतले पाणी आहे. पुसून जाळीच्या साबणदाणीत ठेवावी. लव्हेंडर तेलातील लिनालूल काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा.

मागणीसाठी संदेश पाठवावा. पहिल्या खेपेत चौदा वड्या आहेत.’

पहिली ओळ ७० चिन्हांची भरली, म्हणजे ती कुठल्याही फोनवर तुटणार नव्हती. पुतण्याचे मत होते की, ‘उगवत नाही’ असे नकाराने सुरू होणारे कॅप्शन कोणी वाचणार नाही. मला उलट वाटत होते, पण त्याला पटवता आले नाही. वहिनींनी ‘लिहिले आहे ते बरोबर आहे ना?’ एवढेच विचारून वाद मिटवला. ज्यांना छायाचित्र दिसत नाही आणि फोन वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी वेगळा लिहायचा मजकूर मी एका ओळीत केला: ‘मांजरपाटावर जांभळ्या साबणाच्या तीन वड्या, एक कडेवर उभी, बाजूला नारळाची वाटी, कोकमाच्या तुपाचा गोळा, पितळी तांब्या आणि बांधलेली लव्हेंडरची सुकी जुडी.’ तांब्या तेवढा शेवटपर्यंत राहिला. तो आंघोळीचा आहे आणि त्याच्याबद्दल कोणाचा गैरसमज होण्याचे कारण नव्हते.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी ते प्रसिद्ध झाले. दुपारपर्यंत नऊ वड्यांची मागणी आली आणि चौकशा साधारण तितक्याच. वजन, माप किंवा फुले यांबद्दल एकानेही विचारले नाही. तीन जणींनी लहान बाळासाठी चालेल का असे विचारले, आणि त्याबद्दल कॅप्शनमध्ये एक शब्दही नव्हता. वहिनींनी तिघींनाही कळवले की, ही वडी सुवासिक आहे, म्हणून बाळासाठी घेऊ नये. त्यांच्याकडे बिनवासाची खोबरेलाची वडी आहे, तीही मुलांच्या डॉक्टरांना विचारून मगच वापरावी. चौघी-पाच जणींनी तांब्या कुठे मिळतो असे विचारले होते.

दुसरी खेप आता फळीवर वाळत आहे. तिच्या कॅप्शनमध्ये बाळाविषयीचे वाक्य लिनालूलच्या वाक्याला जोडले आहे, आणि छायाचित्रातून तांब्या काढला आहे.